गवाक्षकाल : एचआयव्ही तपासणीचा अहवाल कसा वाचावा

प्रास्ताविक

एचआयव्हीच्या तपासणीचा अहवाल बहुधा एकाच शब्दाचा असतो. तो शब्द वाचून कोणी सुटकेचा निःश्वास टाकतो, तर कोणाच्या पायांखालची जमीन सरकते. परंतु तो शब्द नेमका कोणत्या दिवसाबद्दल बोलतो आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रक्त आज दिले म्हणून अहवालही आजचाच, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः बहुतेक तपासण्या काही आठवड्यांपूर्वीची स्थिती सांगतात. हे अंतर म्हणजे 'गवाक्षकाल'. रुग्णालयांत यालाच 'विंडो पिरियड' म्हणतात. या पाठात आपण प्रामुख्याने गवाक्षकालाचा अभ्यास करणार आहोत. तो समजण्यासाठी विषाणूची आवश्यक तेवढी ओळख आधी करून घेऊ आणि अहवाल 'पॉझिटिव्ह' आल्यानंतर पुढे काय होते, तेही पाहू.

विषाणू आणि आजार

एचआयव्ही हे एका विषाणूचे नाव आहे, तर एड्स ही त्या विषाणूमुळे कालांतराने येणारी अवस्था आहे. हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरण्याची चूक सुशिक्षितांकडूनही होते.

आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या अनेक प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकी सीडी-४ पेशी इतर पेशींना लढ्याचा इशारा देतात. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो, तेथे स्वतःच्या प्रती तयार करतो आणि पेशी नष्ट होतात. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात अशा साधारणतः ५०० ते १५०० पेशी असतात. उपचार न घेतल्यास ही संख्या वर्षानुवर्षे घटत जाते. ती २०० च्या खाली गेली, किंवा प्रतिकारशक्ती ढासळल्यामुळे होणारे काही ठरावीक गंभीर आजार झाले, म्हणजे त्या अवस्थेला एड्स म्हणतात. संसर्गापासून या अवस्थेपर्यंत पोहोचण्यास उपचारांविना बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. या काळात माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो, संसार करतो. चेहरा पाहून एचआयव्ही ओळखता येत नाही, तो यामुळेच.

भारतात हा विषाणू प्रथम आढळला तोही लक्षणांवरून नव्हे, तर तपासणीतून. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले आणि ते वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात तपासले. ज्या स्त्रियांच्या नमुन्यांत संसर्ग आढळला, त्यांना आपल्या शरीरात काही बिघडले आहे याची कल्पनाही नव्हती.

विषाणूची वाट

हा विषाणू शरीराबाहेर दुबळा असतो. त्याला एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाण्यासाठी दोन गोष्टी लागतात : ज्यात तो पुरेशा संख्येने आहे असा शरीरद्रव आणि आत शिरण्याची वाट. रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध या द्रवांत तो पुरेशा संख्येने असतो. म्हणून निरोध न वापरता केलेला योनिमार्गी किंवा गुदमार्गी संभोग, दुसऱ्याने वापरलेली सुई व सिरिंज, तपासणी न केलेले रक्त आणि बाधित मातेकडून गर्भारपणात, प्रसूतीत वा स्तनपानातून बाळाला होणारा संसर्ग, एवढ्याच त्याच्या मुख्य वाटा आहेत. सिरिंजच्या आत अडकलेल्या रक्तात मात्र तो बाहेरच्या मानाने बराच अधिक काळ टिकतो, हे लक्षात ठेवावे.

आता ज्या वाटाच नाहीत, त्या पाहू. लाळ, घाम व अश्रू यांमधून हा विषाणू पसरत नाही. त्यामुळे एका ताटात जेवणे, हस्तांदोलन करणे, आलिंगन देणे, एकच शौचालय वापरणे, एका नळावर पाणी भरणे किंवा बाधित मुलाच्या शेजारी वर्गात बसणे, यांपैकी कशानेही संसर्ग होत नाही. डासांबद्दल मात्र लोक पुन्हा पुन्हा विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण मलेरिया डासांमुळेच पसरतो. फरक असा की, मलेरियाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात आणि त्याच्या लाळेत उतरतात. डास चावताना आपल्या शरीरात लाळ सोडतो, आधी शोषलेले रक्त नव्हे. एचआयव्ही डासाच्या शरीरात वाढत नाही. तेथे तो नष्ट होतो. न्हाव्याकडे नवे पाते वापरावे हा आग्रह योग्यच आहे, पण त्याचे मोठे कारण हिपॅटायटिस-बी हा कितीतरी चिवट विषाणू आहे. एचआयव्हीची भीती तेथे फारशी नाही.

मातेकडून बाळाला होणारा संसर्गही अटळ नाही. काहीच उपचार न घेतल्यास अशा शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना संसर्ग होऊ शकतो. मातेने वेळेवर औषधे घेतली, तर हे प्रमाण शंभरात पाचाहून कमी होते. गर्भवती स्त्रीची तपासणी आरंभीच करतात, ती यासाठी.

गवाक्षकाल म्हणजे काय ?

दुधाला विरजण लावून अर्ध्या तासाने भांड्यात डोकावले, तर दूध दूधच दिसते. त्यावरून 'विरजण लावलेच नाही' असे म्हणणे चुकीचे ठरेल; दही लागायला वेळ द्यावा लागतो. तपासणीचेही असेच आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन अर्ध्या तासाच्या आत निकाल देणाऱ्या नेहमीच्या जलद चाचण्या विषाणू शोधत नाहीत. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे त्या शोधतात. प्रतिपिंडे म्हणजे विशिष्ट जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने. ती पुरेशी तयार होण्यास अनेकांना तीन ते सहा आठवडे लागतात आणि काहींना तीन महिन्यांपर्यंत. संसर्ग झाल्यापासून चाचणीला तो दिसू लागेपर्यंतचा हा मधला काळ म्हणजे गवाक्षकाल.

दह्याचा दृष्टांत येथेच सोडावा लागतो, कारण यापुढची गोष्ट त्यात बसत नाही. चाचणी 'निगेटिव्ह' म्हणत असते, त्याच आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या अतिशय जास्त असते. प्रतिकारशक्ती अद्याप सावरलेली नसते आणि विषाणूला मोकळे रान मिळते. म्हणजे अहवाल सर्वांत आश्वासक दिसतो, तेव्हाच त्या व्यक्तीकडून दुसऱ्याला संसर्ग होण्याचा धोका सर्वाधिक असू शकतो.

गवाक्षकाल सर्व चाचण्यांचा सारखा नसतो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली, प्रतिपिंडांबरोबरच पी-२४ नावाचे विषाणूचे प्रथिनही शोधणारी चाचणी साधारणतः १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवू शकते. विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत दाखवते, परंतु ती महाग असते आणि सर्वत्र उपलब्ध नसते. संसर्गाच्या दुसऱ्याच दिवशी निर्णायक उत्तर देणारी चाचणी आजही नाही. म्हणूनच, चाचणी कोणती केली हे ठाऊक नसेल, तर धोक्याच्या प्रसंगापासून तीन महिन्यांनंतरचा निगेटिव्ह अहवालच निर्णायक मानावा. मधल्या काळात नवा धोका पत्करलेला नसावा, ही अट त्यात अर्थातच आली.

एका कामगाराची तारीखवही

पुढील उदाहरण काल्पनिक आहे, परंतु त्यातील टप्पे प्रत्यक्ष व्यवहारातले आहेत. इंदूरमधील एका छापखान्यात काम करणारा बत्तीस वर्षांचा एक विवाहित कामगार आहे, असे समजा. १ मार्चला तो बाहेरगावी असताना त्याचा निरोधाविना शरीरसंबंध आला. १५ मार्चच्या सुमारास त्याला ताप आला, घसा दुखू लागला, अंगावर बारीक पुरळ उठले. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांनी अशी लक्षणे अनेकांना दिसतात. पण साध्या तापात आणि यात काही फरक जाणवत नाही आणि कित्येकांना तर लक्षणे येतच नाहीत. मनात शंका आल्याने १७ मार्चला त्याने एका खाजगी प्रयोगशाळेत जलद चाचणी केली. अहवाल निगेटिव्ह आला. तेथे त्याला तारीख कोणी विचारली नाही. ताप उतरला आणि चिंताही मिटली.

तरीही एका मित्राच्या आग्रहाने तो २० मार्चला सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात गेला. समुपदेशिकेने अहवाल बाजूला ठेवून पहिला प्रश्न तारखेचाच विचारला.

"ताई, अहवाल तर निगेटिव्ह आहे. मग पुन्हा कशाला ?" त्याने विचारले.

"अहवाल खोटा नाही," ती म्हणाली, "पण तो सोळाव्या दिवसाचा आहे. ही चाचणी एवढ्या लवकर सांगू शकत नाही. एप्रिलच्या मध्यावर या. तेव्हाही निगेटिव्ह आली, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटची करू. तोपर्यंत घरी निरोध वापरा आणि रक्तदान करू नका."

रक्तदानाचा उल्लेख तिने सहज केला नव्हता. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासली जाते, म्हणून आपली फुकट तपासणी होईल या हेतूने काही जण रक्तदान करतात. परंतु गवाक्षकालातील रक्त रक्तपेढीच्या तपासणीतूनही निसटू शकते आणि ते एखाद्या रुग्णाच्या शिरेत जाते.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. धोक्याच्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत, म्हणजे ४ मार्चपूर्वी तो आला असता, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करता आली असती. जितक्या लवकर ती सुरू होतात, तितका त्यांचा उपयोग अधिक. आता ती वेळ निघून गेली होती.

१४ एप्रिलला, म्हणजे चव्वेचाळिसाव्या दिवशी, त्याची पुन्हा चाचणी झाली. पहिल्या संचावर संसर्गाची रेषा उमटली. एवढ्यावरून निदान करत नाहीत, कारण इतर काही कारणांनीही एखाद्या संचावर अशी रेषा क्वचित उमटू शकते. आपल्या देशातील पद्धतीप्रमाणे वेगवेगळ्या बनावटीच्या तीन संचांनी चाचणी करतात आणि तिन्हींचा निकाल जुळला, तरच 'पॉझिटिव्ह' असा अहवाल देतात. त्याचे तिन्ही निकाल जुळले.

पत्नीला सांगणे हे त्याला सर्वांत कठीण गेले. समुपदेशिकेच्या साहाय्याने त्याने ते केले. १५ एप्रिलला पत्नीच्या संमतीने तिची चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली. येथे थांबा आणि हिशेब करा. निरोधाविना त्यांचा शेवटचा संबंध १९ मार्चला आला होता. म्हणजे पत्नीचा अहवाल सत्ताविसाव्या दिवसाचा होता आणि तिच्या बाबतीत गवाक्षकाल अजून संपलेला नव्हता. तिची निर्णायक तपासणी १९ जूननंतर झाली. तीही निगेटिव्ह आली.

चाचणीपूर्वी संमती घेणे आणि निकाल गुप्त राखणे हे केंद्राचे सौजन्य नव्हे, तर कायदेशीर कर्तव्य आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू झाला. एचआयव्ही असल्याच्या कारणावरून नोकरी, शिक्षण वा उपचार यांत भेदभाव करण्यासही त्याने मनाई केली आहे.

अहवालानंतरचे आयुष्य

पूर्वी पॉझिटिव्ह अहवाल आला, तरी औषधे लगेच मिळत नसत. सीडी-४ पेशी ठरावीक संख्येच्या खाली घसरण्याची वाट पाहत. २०१७ पासून भारतात हे धोरण बदलले. आता पेशींची संख्या कितीही असो, निदान झाले की उपचार सुरू करतात. आपल्या उदाहरणातील कामगाराची आधी क्षयरोगासाठी विचारपूस व तपासणी झाली, कारण एचआयव्ही असलेल्यांचे सर्वाधिक बळी क्षयरोगच घेतो. त्यानंतर २० एप्रिलला एआरटी केंद्रातून त्याची औषधे सुरू झाली.

औषध म्हणजे रोज एक गोळी. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन द्रव्ये एकत्र असतात. विषाणूला पेशीत शिरल्यावर आधी आपल्या जनुकीय मजकुराची नक्कल वेगळ्या रूपात करावी लागते. पहिली दोन द्रव्ये हे काम रोखतात. मग ती नक्कल पेशीच्या स्वतःच्या जनुकांत जोडावी लागते. तिसरे द्रव्य ती जोडणी रोखते. तीन द्रव्ये एकत्र देण्याचे कारण असे की, हा विषाणू नक्कल करताना सतत चुका करतो आणि त्या चुकांतूनच एखादा प्रकार एका औषधाला दाद देईनासा होतो. तिन्ही औषधांना एकाच वेळी चुकवणे त्याला फार अवघड जाते. १९८७ मध्ये पहिले औषध आले, तेव्हा ते एकट्याने दिले जाई आणि त्याचा प्रभाव लवकरच ओसरे. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देणे रूढ झाले, पण त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच उपचारपद्धती वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि गरीब देशांतील रुग्णांना ती आवाक्यात येऊ लागली. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला.

ही औषधे विषाणूची वाढ थांबवतात, त्याचा समूळ नाश करत नाहीत. काही पेशींत विषाणू निद्रिस्त राहतो आणि निद्रिस्त विषाणूवर औषध चालत नाही. म्हणूनच गोळ्या बंद केल्या, की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच पुन्हा दिसू लागतो. 'बरे वाटते, आता औषध कशाला' हा विचार येथे घातक ठरतो. मध्येच सोडून पुन्हा सुरू केलेल्या औषधांना विषाणू सरावण्याचा धोका असतो आणि मग औषधे बदलावी लागतात. एखादी गोळी चुकली, तर आठवताच घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या किंवा आम्लपित्तावरची औषधे डोल्युटेग्राव्हिरला शरीरात शोषू देत नाहीत, म्हणून ती केव्हा घ्यावीत हे केंद्रातून विचारून घ्यावे. क्षयरोगाचे औषध चालू असेल, तर तेही आधी सांगावे, कारण त्या वेळी डोल्युटेग्राव्हिरची मात्रा वाढवावी लागते. काहींचे वजन वाढते, काहींची झोप बिघडते; अशा वेळी गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

औषध लागू पडते की नाही, हे तब्येतीवरून कळत नाही. त्यासाठी रक्तातील विषाणूंची संख्या मोजतात. तिला 'व्हायरल लोड' म्हणतात. ही मोजणी उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी होते. आपल्या कामगाराची मोजणी ऑक्टोबरच्या अखेरीस झाली आणि विषाणू यंत्राला सापडला नाही. याचा अर्थ विषाणू नाहीसा झाला असा नव्हे. तो मोजता येण्याजोग्या पातळीच्या खाली गेला.

या निकालाचा दुसरा अर्थ त्याच्या पत्नीसाठी महत्त्वाचा होता. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. त्यात पुणे व चेन्नई येथील केंद्रेही होती. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला होता. पुढे युरोपातील अभ्यासांनी २०१६ व २०१९ मध्ये दाखवले की, ज्यांच्या रक्तातील विषाणू औषधांनी दबलेला होता, त्यांच्याकडून निरोधाविना संबंधांतही जोडीदाराला एकदाही संसर्ग झाला नाही. आता हे दांपत्य डॉक्टरांशी बोलून अपत्याचा विचार करू शकते. इतर गुप्तरोगांपासून मात्र या गोळीने संरक्षण मिळत नाही. त्यासाठी निरोधच लागतो.

राहिला प्रश्न आयुष्याचा. सीडी-४ पेशी फार घटण्यापूर्वी उपचार सुरू झाले आणि ते अखंड चालू राहिले, तर अशा व्यक्तीचे अपेक्षित आयुर्मान इतरांच्या जवळपास असते. पेशी २०० च्या खाली गेल्यानंतर, क्षयरोग वा अन्य संसर्ग जडल्यानंतर जो येतो, त्यालाही औषधे उपयोगी पडतात. पण पहिले काही महिने त्याच्यासाठी धोक्याचे असतात आणि गेलेली शक्ती पूर्णपणे भरून येईलच असे नाही. आपला कामगार चव्वेचाळिसाव्या दिवशी केंद्रात परत गेला. १७ मार्चचा कागद खिशात ठेवून तो निर्धास्त राहिला असता, तर त्याला आपला संसर्ग कदाचित सात-आठ वर्षांनी, खोकला हटत नाही म्हणून कळला असता.

शब्दार्थ

गवाक्ष – खिडकी, झरोका
प्रतिपिंडे – रोगजंतूला ओळखून त्याला चिकटणारी शरीरातील प्रथिने
समुपदेशक – सल्ला व धीर देणारा प्रशिक्षित मनुष्य
निद्रिस्त – झोपलेला. येथे, वाढ थांबलेला

स्वाध्याय

१. एका स्त्रीला १० ऑगस्ट रोजी धोक्याचा प्रसंग आला. ३० ऑगस्टला केलेली तिची जलद चाचणी निगेटिव्ह आहे. या अहवालाचा अर्थ तिला समजावून सांगा आणि निर्णायक तपासणी कोणत्या तारखेनंतर करावी, ते लिहा.

२. मलेरिया डासांमुळे पसरतो, मग एचआयव्ही का पसरत नाही ? चार-पाच वाक्यांत लिहा.

३. 'व्हायरल लोड सापडला नाही, म्हणजे मी बरा झालो. आता गोळ्या बंद करतो,' असे म्हणणाऱ्या मित्राला पत्र लिहा.

४. गवाक्षकालात रक्तदान करणे का टाळावे ? पाठाच्या आधारे कारण द्या.